एकाच तक्त्यात दोनदा ३९

नवजात बाळांची घरोघरी जाऊन काळजी घेतली, तर मृत्यू किती कमी होतात? या प्रश्नावरच्या संशोधनाचा आढावा लिहायचा तर गडचिरोली, उत्तर प्रदेशातलं शिवगढ आणि बांगलादेशातलं सिल्हेट इथले प्रयोग वगळून चालत नाही. निबंध वाचायचे आणि पद्धत, नमुना, निष्कर्ष असे तीन रकाने भरायचे, एवढंच काम वाटतं. पण अडायला होतं ते नमुन्याच्या रकान्यातच.

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या निबंधात ३९ गावं आहेत. शिवगढच्या २००८ च्या निबंधातही ३९ हाच आकडा दिसतो. तक्त्यात दोन्हीकडे नुसतं ३९ लिहिलं, तर प्रयोग सारख्याच आकाराचे वाटतील. गडचिरोलीतली ३९ ही फक्त सेवा मिळालेली गावं. तुलनेची ४७ वेगळी. शिवगढचे ३९ म्हणजे गावांचे एकूण समूह. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले होते आणि त्यांत एक लाखावर लोकसंख्या होती. गडचिरोलीत अशी यादृच्छिक वाटणी नव्हती. म्हणून हा रकाना फोडावा लागतो: वाटणी कशाची केली, प्रत्येक गटात किती आणि मोजलेले जन्म किती. मृत्युदर जन्मांवर काढतात, गावांवर नाही.

निष्कर्षाच्या रकान्यात तर चकवाच आहे. गडचिरोलीत सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते, ते प्रमाण २५.५ वर आलं. ही साधी घट ५९ टक्के भरते. निबंधात मात्र घट ६२ टक्के दिली आहे, कारण त्याच काळात तुलनेच्या गावांत काय झालं तेही हिशेबात धरलंय. दर ६२, घटही ६२! घाईत टिपणारा हमखास फसतो. सिल्हेटची ३४ टक्के घट आणखी निराळी: प्रयोग तीस महिन्यांचा, पण ही घट शेवटच्या सहा महिन्यांतली, तीही फक्त घरभेटींच्या गटातली. तेव्हा टक्क्याशेजारी ‘कशाच्या तुलनेत’ आणि ‘कोणत्या काळात’ हे लिहिलं नाही, तर तो आकडा तक्त्यात न घेतलेलाच बरा.

आणखी एक भानगड. गडचिरोलीच्या याच प्रयोगावर २००५ मध्ये एका नियतकालिकाची अख्खी पुरवणी निघाली. निबंधागणिक एक ओळ धरली, तर तीच गावं पुन्हा पुन्हा मोजली जातील. ओळ प्रयोगाची हवी. त्यावरचे सगळे निबंध त्याच ओळीत.

रकाने आधी तीन-चार निबंधांवर भरून पाहावेत, मगच पक्के करावेत. दोघांनी एकमेकांचं न बघता भरायचं आणि प्रत्येक आकड्यापुढे पानाचा नि कोष्टकाचा क्रमांक टाकायचा. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे वाद न घालता ते पान उघडायचं. बहुतेक वेळा एकाने सारांशातून उचललेलं असतं, दुसऱ्याने कोष्टकातून.