फोटोतली मागची चिठ्ठी

13 जानेवारी 2018 रोजी हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा आला. तो खोटा होता आणि तो मागे घेतल्याचा संदेश पोचायला 38 मिनिटं लागली. पाळीच्या वेळी कर्मचाऱ्याकडून चूक झाली होती, पासवर्डचा त्यात काही संबंध नव्हता. पण त्या गोंधळामुळे तिथल्या आपत्कालीन यंत्रणेच्या कार्यालयाचा जुलै 2017 मधला एक वृत्तसंस्थेचा फोटो लोकांनी पुन्हा उघडला. अधिकारी संगणकांच्या रांगेसमोर उभे होते आणि मागच्या एका पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहिलेला होता. तो खराच होता, असं यंत्रणेनं नंतर मान्य केलं. मात्र तो एका अंतर्गत प्रणालीचा असून ती आता वापरात नसावी, असंही सांगितलं. फोटो तोवर सहा महिने जगासमोर होता.

छायाचित्रकाराचं आणि फोटोतल्या माणसाचं लक्ष चेहऱ्याकडे असतं. कॅमेरा तसा भेद करत नाही. साध्या मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल फोटोत आडवे सुमारे 4000 ठिपके असतात. दोन मीटर अंतरावर त्या चौकटीत साधारण पावणेतीन मीटर रुंद दृश्य मावतं, म्हणजे एक ठिपका पाऊण मिलिमीटरहूनही कमी जागा टिपतो. चिठ्ठीवरचं सेंटिमीटरभर उंच अक्षर चौदा-पंधरा ठिपक्यांचं होतं आणि फोटो मोठा केला की वाचता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान होतो, त्यामुळे तेच अक्षर कधी पुसट दिसतं. मूळ फाइल पाठवली, तर ते जसंच्या तसं जातं.

माझ्या मामेबहिणीनं घरून काम सुरू केलं, तेव्हा नव्या टेबलाचा फोटो टाकला. टेबल सुंदर मांडलेलं होतं. पण पडद्याच्या खालच्या पट्टीला पिवळी चिठ्ठी होती आणि जमिनीवर कुरिअरचा खोका, लेबल वर. चिठ्ठीवर कार्यालयाच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड. लेबलवर तिचं नाव, सोसायटी, फ्लॅट क्रमांक आणि मोबाइल क्रमांक. अशा लेबलवरून फसवणारा माणूस तिला फोन करून नाव-पत्ता अचूक सांगू शकतो, आणि ते ऐकून समोरचा खरा वाटतो. मग ‘पार्सल अडकलंय, ओटीपी सांगा’ एवढंच उरतं.

फोटोखाली ‘अगं, पासवर्ड दिसतोय!’ असं लिहिण्याचा मोह होतो. पूर्वी एका स्नेह्याच्या फोटोखाली मी तेच केलं होतं. ज्यांचं चिठ्ठीकडे लक्षही नव्हतं, त्यांनी माझं वाक्य वाचून फोटो मोठा केला, आणि स्नेही चारचौघांत ओशाळले ते वेगळंच. म्हणून या वेळी मी थेट फोन केला. तो लागला नाही, तेव्हा तिला एकटीला लिहिलं :

‘टेबल फारच छान जमलंय. एक सांगू का? पडद्याखालची पिवळी चिठ्ठी मोठी करून वाचता येतेय आणि खोक्यावरचा पत्ताही. आधी तो पासवर्ड बदल, मग फोटो काढ. हवं तर मी फोनवर आहेच.’

या निरोपात पासवर्ड किंवा पत्ता मी मुद्दाम लिहिला नाही, गोल करून स्क्रीनशॉटही पाठवला नाही. त्यानं आणखी एक प्रत तयार झाली असती. कुठे पाहायचं ते सांगितलं, ‘तुला कळलं कसं नाही’ हे नाही. वडीलधारे असतील तर मी ‘काका, मला वाटतं लेबलही त्यात आलंय’ असं म्हणेन आणि फोटो काढायला घरातल्या एखाद्या तरुणाला मदतीला देईन.

आधी पासवर्ड बदलायचा, याला कारण आहे. फोटो काढून टाकला तरी ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्याकडे तो राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोयही दोन दिवसांहून थोडी जास्त चालते, त्यानंतर मिळत नाही. बदललेल्या पासवर्डची जुनी चिठ्ठी मात्र निरुपयोगी होते. पत्ता असा बदलता येत नाही. तिथे फोटो लवकर उतरवणं आणि अनोळखी कुरिअरच्या फोनबाबत सावध राहणं एवढंच हातात असतं.

फोटो पुन्हा टाकायचा, तर चिठ्ठीवर मोबाइलच्या हायलायटरनं फराटा मारू नये. तो पारदर्शक असतो; उजेड आणि गडदपणा वाढवला की खालची अक्षरं दिसू शकतात. तो भाग कापून टाकावा. तेही काही वेळा कच्चं निघालं आहे : 2023 मध्ये पिक्सेल फोनमधल्या एका त्रुटीमुळे कापलेल्या स्क्रीनशॉटचा उरलेला भाग फाइलमध्ये तसाच राहत असल्याचं उघड झालं होतं. ती त्रुटी पुढे दुरुस्त झाली, पण आधी पाठवलेल्या जुन्या प्रती तशाच राहिल्या. त्यामुळे वस्तू हलवून नवा फोटो काढणं मला सगळ्यांत सोपं वाटतं.

बहिणीनं दहा मिनिटांत पासवर्ड बदलला, कार्यालयाच्या संगणक विभागाला कळवलं आणि लेबल फाडून टाकलं. संध्याकाळी टेबलाचा नवा फोटो आला. पडद्याच्या पट्टीवर चिठ्ठी नव्हती, आणि खोक्याच्या जागी मनी प्लँटची कुंडी होती.