झटक्यानंतरचे चालणे : घड्याळाकडे नको, श्वासाकडे लक्ष

हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्ण घरी जातो, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली एक ओळ असते : ‘हळूहळू चालणे वाढवावे.’ हळूहळू म्हणजे किती, हे मात्र त्यात नसते. मग कोणी महिनाभर पलंग सोडत नाही, तर कोणी दुसऱ्याच आठवड्यात जुन्या मित्रांबरोबर टेकडीकडे निघतो.

झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो आणि तेथे हळूहळू घट्ट व्रण तयार होतो. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. अँजिओप्लास्टीने वाहिनी लगेच मोकळी झाली, तरी हा काळ चुकत नाही. म्हणून चालण्याचे वेळापत्रकही आठवड्यांत मोजावे लागते.

उदाहरण म्हणून ५६ वर्षांचे एक बसचालक घेऊ. अँजिओप्लास्टी झाली आहे, हृदयाची पंपिंग क्षमता चांगली आहे आणि डॉक्टरांनी चालण्यास परवानगी दिली आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरात किंवा अंगणात सपाट जागी पाच मिनिटे, दिवसातून दोनदा चालायचे. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा दहा मिनिटे, तिसऱ्यात पंधरा, चौथ्यात वीस. पाचव्या आठवड्यात एकदा पंचवीस मिनिटे आणि सहाव्यात सलग अर्धा तास. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. जेवणानंतर तास-दीड तास जाऊ द्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात ते मित्रांबरोबर जातात आणि त्यांचा वेग गाठायला बघतात. मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके ९२ दाखवते, म्हणून त्यांना सगळे ठीक वाटते. पण झटक्यानंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातील गोळी दिली जाते. ती ठोके वाढूच देत नाही. श्रम बरेच झाले तरी आकडा कमीच दिसतो आणि रुग्ण फसतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रममापन पट्टी. ती ६ ते २० अशी आहे. ६ म्हणजे स्वस्थ बसल्यासारखे, ११ म्हणजे हलके श्रम, १३ म्हणजे काहीसे जड, १५ म्हणजे जड आणि २० म्हणजे शक्तीची पराकाष्ठा. सुरुवातीचे आठवडे ११ च्या आसपास राहावे, पुढे १३ पर्यंत जावे. आकडा लक्षात राहत नसेल, तर बोलून पाहावे. पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त. त्या सकाळी बसचालकांचे बोलणे तुटत होते, म्हणजे ते १५ वर पोचले होते. घड्याळाने ते सांगितले नाही, श्वासाने सांगितले.

दुसरी खूण नंतर दिसते. चालून तासभर झाला तरी थकवा उतरत नसेल, किंवा दुसऱ्या दिवशी अंग गळून गेले असेल, तर एक पायरी मागे, म्हणजे आधीच्या आठवड्याच्या वेळेवर यावे. चालणे एकदम थांबवू नये. पायांत उतरलेले रक्त वर येण्यास वेळ लागतो आणि चक्कर येते. शेवटची काही मिनिटे संथ चालावे.

काही लक्षणे मात्र जागीच थांबण्याची असतात : छातीत दाब किंवा जळजळ, ती कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दम लागून बोलता न येणे, गरगरणे, थंड घाम, ठोके अनियमित पडणे. अशा वेळी बसावे. छातीत दुखत असेल आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळी लिहून दिली असेल, तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतली असेल, तर ती घेऊ नये. पाच मिनिटांत बरे वाटले नाही, तर १०८ ला फोन करावा. घर जवळ आहे म्हणून चालत जाणे हीच मोठी चूक ठरते.

दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पाय सुजले किंवा रात्री आडवे पडल्यावर दम लागला, तर त्या दिवशी चालायलाच जाऊ नये. हे शरीरात पाणी साठत असल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हे वेळापत्रक गुंतागुंत नसलेल्या रुग्णांसाठी आहे. पंपिंग क्षमता कमी असलेल्यांचे, दुसऱ्या वाहिनीत अडथळा शिल्लक असलेल्यांचे किंवा बायपास झालेल्यांचे वेळापत्रक वेगळे असते. ते डॉक्टरांकडून आठवड्यागणिक लिहूनच घ्यावे.