सगळ्यांवर सारखाच अन्याय झाला तर? मनमानी आणि कलम १४

राज्यघटनेच्या कलम १४ नुसार राज्यसंस्था कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारू शकत नाही. सुरुवातीची दोन दशके न्यायालये या कलमाखाली मुख्यत्वे एकच गोष्ट तपासत असत. सरकारने लोकांचे गट पाडले असतील, तर त्या गटांत खरा फरक आहे का आणि त्या फरकाचा उद्देशाशी काही संबंध लागतो का? ही वर्गीकरणाची कसोटी. तिच्यासाठी तुलना करायला दुसरे कोणीतरी लागते. त्यामुळे सरकारने सगळ्यांनाच एका फटक्यात वाऱ्यावर सोडले, तर ‘माझ्याशी भेदभाव झाला’ असे कोणी म्हणायचे आणि कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न उरतो.

ही अडचण दूर करणारा विचार रोयप्पा खटल्यात मांडला गेला. तामिळनाडूच्या मुख्य सचिवांना १९७१ मध्ये त्या पदावरून हलवून दुसऱ्या पदांवर नेमले गेले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला ते हरले. पण न्यायमूर्ती भगवती यांनी चंद्रचूड आणि कृष्ण अय्यर यांच्यासह लिहिलेल्या निकालपत्रात समानतेला वर्गीकरणाच्या चौकटीत कोंडून ठेवायला नकार दिला. मनमानी आणि समानता एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून जी कृती मनमानी आहे ती त्याच कारणाने समानतेचा भंग करते, असे त्यांचे म्हणणे. पुढे मनेका गांधी खटल्यात, १९७८ मध्ये, हा विचार पक्का झाला.

त्याचा खरा उपयोग कळतो तो उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात. फेब्रुवारी १९९० मध्ये तिथल्या सरकारने एक परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या नेमणुका महिनाअखेर संपवल्या. कोणाची मुदत संपत आली होती, कोणाची बरीच उरली होती. कोणाचे काम चांगले होते, कोणाचे सुमार. परिपत्रकाला त्याचे काही देणेघेणे नव्हते. सगळे सारखेच घरी, आणि नव्या याद्या मागवण्याचे आदेश. इथे वर्गीकरणाची कसोटी लावायची तर गटच नव्हते.

सरकारचे म्हणणे साधे होते. हा वकील आणि अशील यांच्यातला करार आहे, आणि कारण न देता नेमणूक संपवण्याची मुभा नियमावलीतच आहे. श्रीलेखा विद्यार्थी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती वर्मा यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. करार करताना वा मोडताना सरकार खासगी माणसासारखे वागू शकत नाही. त्याच्या हातातली सत्ता जनतेची असते. आणि कारण न देण्याची मुभा म्हणजे फार तर ते कळवायची गरज नाही, एवढेच. कारण असावेच लागते. त्याच नियमावलीत मुदत वाढवायची की नाही हे ठरवताना जिल्हा न्यायाधीशांचे मत घेऊन प्रत्येकाच्या कामाचा अहवाल पाठवण्याची पद्धत होती. तिला बगल देऊन सरसकट निर्णय घेण्यामागे सर्वांना लागू पडेल असे एकही कारण सरकारला दाखवता आले नाही. परिपत्रक रद्द झाले.

यातून कसोटी हाती येते: निर्णयामागे दिसून येणारे एखादे तत्त्व आहे का, आणि असल्यास ते वाजवी आहे का? ते शोधायला फाईल पाहावी लागते. आदेश निघाला तेव्हा जे कारण मनात नव्हते, ते नंतर प्रतिज्ञापत्रात घुसडून चालत नाही. मनमानी झाली हे दाखवण्याचा भार मात्र आधी तक्रारदारावरच असतो. शिवाय निर्णय चुकीचा वाटला म्हणून न्यायालय स्वतःचा निर्णय त्या जागी बसवत नाही. तत्त्व आहे, पण आपल्याला पटत नाही, एवढ्यावर आदेश रद्द होत नाही.

या विचारावर टीकाही झाली. मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवई यांचा आक्षेप असा की, तुलनेचा धागा तोडला की कलम १४ च्या शब्दांशीच नाते तुटते. आक्षेपात वजन आहे. ‘मनमानी’ हा शब्द लवचिक आहे आणि न्यायाधीशागणिक ताणला जाऊ शकतो. पण वरच्या परिपत्रकासारख्या प्रकरणात जुनी कसोटी हात टेकते, हेही खरे.

आदेश मनमानी ठरला तरी दिलासा मिळेलच असे नाही. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत नोंदणीकृत हॉटेलचालक म्हणून पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. ठेका मात्र ती पूर्ण न करणाऱ्यालाच दिला गेला. स्वतः घातलेली अट प्राधिकरणाला मोडता येत नाही, असे १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तरीही याचिका फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ता काही महिने उशिरा आला होता आणि तोवर ठेकेदाराने तिथे बराच खर्च करून काम सुरू केले होते.