वर्गात कंटाळणाऱ्या हुशार मुलाच्या पालकांना चिठ्ठी

गुणाकार सुरू आहेत आणि चौथीतला एक मुलगा वहीच्या समासात विमानं काढतो आहे. घटक चाचणीत मात्र पैकीच्या पैकी. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ ही ठरलेली ओळ डायरीत गेली, की घरी बोलणी बसतात आणि वर्गात काहीच बदलत नाही.

चिठ्ठी लिहिण्याआधी शिक्षकांनी खात्री करावी. अपुरी झोप किंवा फळा नीट न दिसणं यानेही लक्ष उडतं. म्हणून धडा शिकवण्याआधीच त्यातली सर्वांत अवघड पाच गणितं मुलाला द्यावीत. चार बरोबर आली तर त्या धड्याचा उरलेला सराव माफ. दोनच आली तर कारण दुसरीकडे शोधावं. येतं ते वगळून वाचलेल्या वेळात सखोल काम द्यायचं, ही पद्धत अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी मांडली.

मग चिठ्ठी अशी लिहिता येईल:

‘स. न. वि. वि. गुणाकाराच्या धड्यातली अवघड पाचही गणितं आपल्या मुलाने शिकवण्याआधीच बरोबर सोडवली. त्यामुळे तो तासाला कंटाळतो, असं मला वाटतं. या धड्यापुरता त्याचा सराव कमी करून मी त्याला वेगळं काम देणार आहे. १२ × ४२ आणि २१ × २४ या दोन्हींचं उत्तर ५०४ येतं. अंक उलटे करूनही उत्तर तेच राहील, अशा आणखी जोड्या त्याने शोधायच्या आहेत आणि असं का होतं ते सांगायचं आहे. मराठी लेखनाचा सराव मात्र सर्वांबरोबरच होईल. घरी उत्तर सांगू नये. महिनाअखेरीस त्याची वही घेऊन भेटू या.’

कोड्याची मेख अशी : दशकांच्या अंकांचा गुणाकार (१ × ४) आणि एककांच्या अंकांचा गुणाकार (२ × २) सारखा हवा. २३ × ९६ आणि ३२ × ६९ ही जोडीही त्यात बसते. जोड्या चाचपडत सापडतात, पण कारण सांगताना स्थानिक किंमत खरोखर समजली आहे का, ते कळतं. इथे मूल पहिल्यांदाच अडतं. सगळं झटपट येण्याची सवय असलेलं मूल अशा वेळी चिडतं, क्वचित रडतंही. त्यावरून काम काढून घेऊ नये. छोट्या आकड्यांची एखादी जोडी मांडून द्यावी.

याउलट आणखी वीस गणितं देणं म्हणजे लवकर संपवल्याची शिक्षाच. रोज कच्च्या मुलांना शिकवायला बसवणं हेही समृद्धीचं काम नव्हे. त्यात शिक्षकाची सोय जास्त.

आणि पालकांनी पाचवीचं पुस्तक आताच आणून संपवू नये. पुढच्या जूनमध्ये तोच मुलगा त्याच पुस्तकासमोर पुन्हा कंटाळून बसेल.