कचेरीतील प्रिंटर, साठवणपेटी आणि काही दृढ गैरसमज

प्रिंटरमध्ये चोरून नेण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न ज्या कचेरीत सहजपणे विचारला जातो, त्याच कचेरीत नॅस, म्हणजे सर्वांच्या संगणकांना जोडलेली ती दोन-चार डिस्कांची साठवणपेटी, मात्र मोठ्या निगुतीने आतल्या खोलीत ठेवलेली असते आणि तिच्यातील दप्तराची नक्कलही नियमाने काढली जाते. एक यंत्र मौल्यवान आणि दुसरे निरुपद्रवी, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की त्या दोहोंमध्ये काही देवघेव चालते, हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ती देवघेव रोजची आहे. आजचा कचेरीतील प्रिंटर स्कॅनिंगही करतो आणि स्कॅन केलेला कागद थेट नॅसवरील फोल्डरमध्ये नेऊन टाकतो. आणि तो तेथे टाकायचा, तर नॅसवर प्रवेश करण्याचे नाव व पासवर्ड त्या प्रिंटरच्या स्मृतीत साठवलेले असणे क्रमप्राप्त होते. कोठीची किल्ली ज्याच्या कनवटीला आहे अशा शिपायासारखी त्याची अवस्था असते, फरक इतकाच की या शिपायाची झडती घेण्यास बहुधा कोणालाच मज्जाव नसतो.

पुण्यातील एखाद्या सनदी लेखापालाची कचेरी उदाहरणादाखल घेऊ. नॅसचा पत्ता 192.168.1.20, प्रिंटरचा 192.168.1.40. यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला संध्याकाळपर्यंत आणखी दोन-तीन ठिकाणी जायचे असते. त्यामुळे स्कॅनसाठी नॅसवर निराळे खाते उघडण्याच्या खटपटीत न पडता तो मुख्य `admin` खात्याचाच पासवर्ड प्रिंटरच्या अॅड्रेस बुकमध्ये भरतो, एक कागद स्कॅन करून दाखवतो आणि सही घेऊन निघून जातो. प्रिंटरच्या स्वतःच्या व्यवस्थापन-पानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो, किंवा काही जुन्या यंत्रांत तो मुळातच कोरा असतो.

आता कचेरीच्या वाय-फायवर बसलेल्या कोणीही ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकावा, कारखान्याचा पासवर्ड द्यावा आणि अॅड्रेस बुकातील ती नोंद उघडावी. तेथे पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, आणि या ठिपक्यांवरच आमची सगळी भिस्त असते. परंतु येणाऱ्याला ठिपक्यांमागची अक्षरे वाचण्याची गरजच नसते. तो पासवर्डाला हात न लावता केवळ नॅसच्या पत्त्याच्या जागी स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता लिहितो. मग पुढचा कारकून जेव्हा एखादे विवरणपत्र स्कॅन करतो, तेव्हा प्रिंटर आपण होऊन त्या लॅपटॉपकडे जातो आणि नॅसची ओळख त्याच्या पुढ्यात मांडतो. ही पाठवणी एफटीपीने होत असेल तर पासवर्ड उघड्या अक्षरांत मिळतो. विंडोजच्या नेहमीच्या फोल्डर-पद्धतीने होत असेल तर तो उघड मिळत नाही, परंतु त्याच्यापासून गणिताने तयार झालेली जी खूण हाती लागते, तिच्यावरून दुबळा पासवर्ड सवडीने हुडकून काढता येतो. पत्ता बदलताच पासवर्ड पुन्हा भरायला लावण्याची दक्षता काही उत्पादक घेतात, आणि तीच रीत योग्य होय. पण सर्वच घेतात असे नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत झेरॉक्सच्या व्हर्सालिंक मालिकेतील एका यंत्रात नेमक्या याच जातीचा दोष जाहीर झाला होता.

या प्रकाराचे एक लक्षण मात्र अगदी साधे असते. "साहेब, सकाळपासून स्कॅन फोल्डरमध्ये येत नाहीये," अशी तक्रार आली की आपण यंत्र बंद करून चालू करतो. त्याऐवजी प्रथम अॅड्रेस बुकातील नोंदीचा पत्ता आपल्या नॅसचाच आहे ना, याची रुजुवात करावी. आणि मूळ उपाय असा की स्कॅनसाठी नॅसवर एक स्वतंत्र खाते उघडावे, त्याला केवळ एका फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावी, व्यवस्थापकांच्या गटात त्याचा समावेश करू नये आणि नॅसच्या व्यवस्थापन-पानावर त्याला प्रवेशच ठेवू नये. मग ते खाते चोरीला गेले तरी जाईल ते एका फोल्डराइतकेच.

दुसरा गैरसमज अधिक सुशिक्षित आहे. नव्या यंत्राच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर त्या यंत्राचा स्वतंत्र पासवर्ड छापलेला असतो, आणि तो प्रत्येक यंत्राचा निराळा असल्यामुळे बदलण्याची निकड नाही, असे अनेक जाणती माणसेही मानतात. सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देण्याच्या जुन्या वहिवाटीपेक्षा ही तजवीज निःसंशय बरी. ब्रिटनने तर २०२४ च्या एप्रिलपासून घरगुती वापराच्या जोडणीयोग्य उपकरणांत तो सार्वत्रिक पासवर्ड कायद्यानेच निषिद्ध केला. परंतु निराळा असणे म्हणजे अज्ञात असणे नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये रॅपिड७ या संस्थेच्या संशोधकांनी असे उघडकीस आणले की ब्रदर कंपनीच्या शेकडो मॉडेलांतील कारखान्याचा पासवर्ड त्या यंत्राच्या अनुक्रमांकावरूनच एका ठराविक रीतीने बेतलेला असतो, आणि तो अनुक्रमांक पासवर्ड न देताही जाळ्यावरून विचारून घेता येतो. रीत उमगली आणि अनुक्रमांक मिळाला की चिकटपट्टी पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. आधी तयार होऊन बाहेर पडलेल्या यंत्रांतील हा दोष नव्या फर्मवेअरनेही पुरता दूर होत नाही. मालकाने पासवर्ड बदलणे, हाच त्यावरचा इलाज कंपनीने सांगितला. क्यूनॅपच्या साठवणपेट्यांचीही एकेकाळी अशीच तऱ्हा होती: `admin` खात्याचा प्रारंभीचा पासवर्ड म्हणजे त्या पेटीच्या पहिल्या जाळे-जोडणीचा मॅक पत्ता, आणि मॅक पत्ता तर त्याच जाळ्यावरील कोणत्याही संगणकाला दिसतोच.

बदल करतानाही क्रम सांभाळावा लागतो. नॅसवर आधी निराळ्या नावाचे नवे व्यवस्थापक खाते उघडावे, त्याने एकदा प्रवेश करून सर्व काही उघडते याची खातरजमा करावी, आणि मगच जुने `admin` खाते निष्क्रिय करावे. कारण बाहेरून पासवर्ड पडताळणारे प्रोग्राम प्रथम `admin` हेच नाव वापरून पाहतात, आणि ते नावच नाहीसे झाले की त्यांचा अर्धा अंदाज तेथेच फसतो. सिनॉलॉजीने आपल्या अलीकडच्या पेट्यांत हे खाते आपण होऊन निष्क्रिय ठेवण्यास प्रारंभ केला आहे. जुन्या पेट्यांत ते स्वतः करावे लागते. ज्या कचेरीत प्रिंटर `admin` खात्यानेच स्कॅन पाठवत होता, तेथे या बदलानंतर स्कॅन बंद पडतील, आणि ते पडावेतच.

"पण आमची दोन्ही यंत्रे राउटरच्या आत आहेत, बाहेरचा माणूस येईल कोठून?" हा यानंतरचा आक्षेप होय. 192.168 ने सुरू होणारा पत्ता इंटरनेटवरून थेट गाठता येत नाही, हे खरे. परंतु राउटरमध्ये यूपीएनपी नावाची एक सोय असते, तिच्यायोगे आतले यंत्र कोणालाही न विचारता राउटरकडून स्वतःसाठी बाहेरचा दरवाजा उघडून घेऊ शकते, आणि भागीदारांना घरून फायली पाहता याव्यात म्हणून कोणीतरी पूर्वी हाताने उघडलेला दरवाजाही पुष्कळदा तसाच राहून गेलेला असतो. २०१८ च्या अखेरीस एका हौशी घुसखोराने जगभरच्या सुमारे ५०,००० प्रिंटरांतून एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात छापून दाखवली, ती अशाच उघड्या राहिलेल्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टातून; आणि या पोर्टाची मौज अशी की छपाईसाठी तेथे मुळात पासवर्ड मागितलाच जात नाही. व्यवस्थापन-पानाचा पासवर्ड कितीही बिकट ठेवला, तरी या दरवाजाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. येथे प्रश्न पासवर्डाचा नसून त्या पोर्टापर्यंत कोण पोहोचू शकतो याचा आहे.

म्हणूनच पासवर्ड बदलला की काम संपले, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, कारण ती कर्तव्य बजावल्याच्या समाधानासह येते. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या पेट्या इंटरनेटवरून कोणी पुसून टाकल्या, तेव्हा कारखाना-स्थिती परत आणण्याच्या आज्ञेपूर्वी पासवर्ड विचारणारा भागच त्यांच्या फर्मवेअरात निकामी करून ठेवलेला आढळला; मालकांचे पासवर्ड उत्तम होते की टाकाऊ होते, याने काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलात क्यूनॅपच्या पेट्यांतील फायली क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने कुलूपबंद केल्या, तो शिरला होता नक्कल काढण्यासाठी दिलेल्या सॉफ्टवेअरात उत्पादकानेच कायम बसवून ठेवलेल्या प्रवेशखुणेच्या वाटेने. ज्यांची पेटी बाहेरून गाठताच येत नव्हती, ते या दोन्ही प्रसंगांत बचावले.

तेव्हा मज्जाव कोठे घालायचा, ते आपल्या त्याच कचेरीत पाहू. प्रथम राउटरचे पान उघडून यूपीएनपी बंद करावे आणि पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पाहून 192.168.1.20 व 192.168.1.40 या दोन पत्त्यांच्या नावाने असलेली प्रत्येक नोंद काढून टाकावी. भागीदारांना घरून फायली हव्या असतील तर त्यांच्यासाठी व्हीपीएन ठेवावे. कचेरीत येणाऱ्या अशिलांना आणि भेटीला आलेल्यांना वाय-फाय द्यायचे झाल्यास ते पाहुण्यांच्या स्वतंत्र जाळ्यातून द्यावे, कारण एकाच वाय-फायवर बसलेला पाहुणा राउटरच्या आतलाच होतो. मग राउटरमध्येच प्रिंटर, नॅस आणि व्यवस्थापन ज्याच्या अखत्यारीत आहे तो एक संगणक यांचे पत्ते कायमचे राखून ठेवावेत. हे न करता पत्त्यांवर आधारलेला मज्जाव घातला, तर एखाद्या सोमवारी सकाळी पत्ते बदलतात आणि मज्जाव आपल्यालाच लागू होतो.

नॅसच्या फायरवॉलमध्ये नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून वर मुभेचे नियम आणि सर्वांत शेवटी सर्वांना मनाई, असा क्रम हवा: व्यवस्थापनाचे पान, म्हणजे सिनॉलॉजीत बहुधा 5000 व 5001 हे पोर्ट, केवळ त्या राखीव संगणकाला, फोल्डरांची वाट कचेरीच्या संगणकांना आणि प्रिंटरला, बाकी सर्व बंद. प्रिंटरमध्ये आयपी फिल्टर नावाने अशीच सोय बहुतेक कचेरी-मॉडेलांत असते, पण तिच्या बाबतीत एक गोष्ट तपासून घ्यावी, ती ही की काही यंत्रांत हा फिल्टर सर्वच वाहतुकीला लागू होतो आणि व्यवस्थापक वगळता इतरांची छपाईही बंद पाडतो. एफटीपी व टेलनेट वापरात नसतील तर बंद करावे, आणि एसएनएमपीमध्ये `public` हा ठरीव शब्द असल्यास तोही बदलावा. शेवटी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, एकदा पाहुण्यांच्या वाय-फायवर आणि एकदा मोबाइल डेटावर कचेरीचा बाहेरचा पत्ता टाकून, दोन्ही पाने उघडून पाहावीत. ती उघडू नयेत, हीच येथे यशाची खूण.

नवे पासवर्ड कोण जपणार, हे कचेरीत ठरलेले नसते, आणि बसवणारा तंत्रज्ञ पुन्हा आला की तो कारखान्याचाच पासवर्ड मागतो. नवे पासवर्ड लिहून एका बंद लखोट्यात मालकाच्या कपाटात ठेवण्याची जुनी रीत मला आजही वाईट वाटत नाही. भाड्याचे यंत्र परत जाताना मात्र त्यातील अॅड्रेस बुक व साठवलेली कागदपत्रे यंत्राच्याच पुसण्याच्या सोयीने काढून टाकावीत आणि नॅसवरील स्कॅनच्या खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नॅसच्या पाठीमागे एक बारीक छिद्र असते. सिनॉलॉजीच्या पेटीत तेथील बटण टाचणीने सुमारे चार सेकंद दाबून धरले की व्यवस्थापकाचा पासवर्ड पुसला जातो आणि डिस्कांवरचे दप्तर मात्र जसेच्या तसे राहते. म्हणून नॅस ठेवलेल्या आतल्या खोलीच्या कुलपाची किल्ली कोणाकोणाजवळ आहे, तेही त्याच लखोट्यात लिहून ठेवावे.