गाळ्याचं भाडं आणि स्वतःच स्वतःला फाडलेलं बिल

आज पैशाचीच गोष्ट सांगायची आहे, पण ती बचतीची नाही, कर्जाचीही नाही. गाळ्याचं भाडं दिल्यावर आपणच आपल्या नावाने बिल फाडायचं आणि त्यावरचा जीएसटी आपणच सरकारला भरायचा, असा एक नियम आहे. तो कळायला आम्हाला पाच महिने लागले आणि तेवढ्यात गाळ्याच्या मालक काकांशी आमचं वाजता वाजता राहिलं.

घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला आमच्या गटांचं मसाल्याचं आणि पापडाचं केंद्र आहे. आमची विक्री काही ४० लाखांच्या घरात नाही, त्यामुळे मालाच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नव्हती. पण घाऊक दुकानदार बिलावर नंबर मागू लागले, म्हणून आम्ही आपणहून नोंदणी केली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये एक गाळा घेतला, महिना १५,००० रुपये भाडं. मालक काकांचा जीएसटी नंबर नाही. भाड्याचं त्यांचं उत्पन्न वर्षाला २० लाखांच्या खूपच खाली, तेव्हा त्यांना तो घ्यायची गरजही नाही. आम्ही दर ५ तारखेला त्यांच्या खात्यात पैसे टाकत होतो. काकांकडून बिल नाही, तर कर कसला, असा आमचा सरळ हिशेब.

सप्टेंबरमध्ये आमचे हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलं, "भाड्याचा रिव्हर्स चार्ज कुठे दाखवलाय?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नेहमी विकणारा कर गोळा करतो आणि सरकारला देतो. रिव्हर्स चार्जमध्ये ती जबाबदारी उलटी होऊन घेणाऱ्यावर येते. १० ऑक्टोबर २०२४ पासून असं ठरलं आहे की राहत्या घराखेरीजची जागा, म्हणजे दुकान, गाळा, गोदाम, नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणी असलेल्या भाडेकरूला दिली, तर १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. ज्या गटाची जीएसटी नोंदणीच नाही त्याला हे लागू नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांनाही १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं आहे. राहण्याची खोली म्हणून असलेली जागा कामाला घेतली तर सुटका होईल, असं मात्र समजू नका. नोंदणी असलेल्या भाडेकरूला तिथेही १८ जुलै २०२२ पासून असाच कर आहे.

आता आमची चूक. १५,००० चे १८ टक्के म्हणजे २,७०० रुपये. आमच्या खजिनदार ताईंनी पुढच्या भाड्यातून तेवढे कापून काकांना १२,३०० पाठवले. काका संध्याकाळी केंद्रावर आले. म्हणाले, "पोरींनो, करारात पंधरा लिहिलेत ना? मग हे काय?" त्यांचं बरोबर होतं. हा कर मालकाचा नाही, आपला आहे. तो भाड्यातून कापायचा नाही. आणि मालकाच्या हातात वर १८ टक्के द्यायचेही नाहीत, कारण नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. आम्ही २,७०० परत केले, चहा पाजला, माफी मागितली.

आता बिलाचं सांगतो. काका जीएसटीचं बिल देऊ शकत नाहीत, म्हणून ते बिल आपण आपल्याच नावाने करायचं. त्याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. विकणारा म्हणून मालकाचं नाव-पत्ता आणि घेणारा म्हणून आपलं नाव व जीएसटी नंबर घालायचा. मग तारीख, कोणत्या महिन्याचं भाडं, भाड्याचा कोड `997212`, रक्कम १५,०००, केंद्राचा कर १,३५०, राज्याचा कर १,३५०, "रिव्हर्स चार्ज : होय" आणि सही. या बिलांची मालिका विक्रीच्या बिलांपासून वेगळी ठेवा. आमची `RCM/25-26/001` अशी सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हे बिल सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं बंधन आहे. आम्ही तारखा मोजत बसत नाही, भाडं दिलं की त्याच दिवशी करतो. पैसे दिल्याचं पेमेंट व्हाउचरही करावं लागतं, ते त्याच बिलाला टाचणीने लावून ठेवतो.

हे राहून का जातं, तेही ऐका. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याचं बिल आपल्या पोर्टलवर आपोआप दिसतं. काकांची नोंदणीच नाही, त्यामुळे त्यांचं भाडं तिथे कधीच येणार नाही. महिन्याचं विवरणपत्र `GSTR-3B` भरताना `3.1(d)` या रकान्यात ते आपल्याला हाताने लिहावं लागतं. तुमच्या केंद्राचं भाडं चालू आहे आणि मालकाचा नंबर नाही, तर गेल्या महिन्याच्या विवरणपत्रात हा रकाना उघडून बघा. तिथे शून्य असेल, तर तुमचंही आमच्यासारखंच झालं आहे.

हे २,७०० रोखीनेच भरायचे, म्हणजे चलनाने पोर्टलच्या रोख खात्यात टाकून. आधीच्या खरेदीचं क्रेडिट कितीही पडलेलं असो, ते इथे चालत नाही. पण एकदा भरले की त्याच रकमेचं क्रेडिट `4(A)(3)` मध्ये घेता येतं आणि ते विक्रीच्या करातून वजा होतं.

तरी सगळं परत मिळतंच असं नाही. आमची महिन्याची विक्री साधारण ८०,००० धरा. त्यात ६०,००० मसाला आणि २०,००० पापड. मसाल्यावर ५ टक्के, म्हणजे ३,००० कर. पापडावर कर नाही. विक्रीचा चौथा हिस्सा करमुक्त मालाचा, म्हणून भाड्याच्या करातला चौथा हिस्सा, ६७५ रुपये, क्रेडिटमध्ये धरता येत नाही. उरलेले २,०२५ मिळतात. मग मसाल्याचे ९७५ भरायचे राहतात. मिरची-धण्याच्या खरेदीचं क्रेडिट इथे सोपेपणासाठी सोडून दिलं आहे. म्हणजे गाळा आम्हाला खरा १५,६७५ ला पडतो, आणि आता मसाल्याच्या पाकिटाची किंमत आम्ही त्याच आकड्यावर काढतो. पापड जास्त आणि मसाला कमी, असं तुमच्याकडे असेल तर तोटा वाढेल.

मागच्या पाच महिन्यांचे १३,५०० आम्ही २० सप्टेंबरला भरले. ऑगस्टचा कर वेळेत होता. एप्रिल ते जुलैच्या चार महिन्यांना वर्षाला १८ टक्क्यांनी, उशिराच्या दिवसांप्रमाणे, सगळं मिळून सुमारे ४१० रुपये व्याज लागलं. एवढ्यावर निभावलं. चार वर्षांनी नोटीस आली असती, तर गटाच्या ठेवीला हात घालावा लागला असता.

हे ऐकून काही मैत्रिणी घाबरल्या आणि पिठाची गिरणी, शिलाईवाली, टेम्पोवाला, सगळ्यांचीच बिलं करू का, असं विचारू लागल्या. तसं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी नसलेल्या कोणाकडूनही दिवसाला ५,००० च्या वर काही घेतलं की हा कर होता. पण १३ ऑक्टोबर २०१७ ला तो थांबवला. आता ठरावीक वस्तू आणि सेवांनाच आहे. आपल्या कामात येणाऱ्या म्हणजे जागेचं भाडं, आणि कंपनी नसलेल्या एजन्सीकडून घेतलेले सुरक्षारक्षक. बिल्टी न देणारा ओळखीचा टेम्पोवाला यात येत नाही. बिल्टी देणारी ट्रान्सपोर्ट असेल, तर मात्र आधी विचारून घ्या.

आणखी एक, दर एप्रिलला आम्ही काकांना विचारतो, "काका, नंबर घेतला का?" ज्या दिवशी ते घेतील, त्या दिवसापासून बिल त्यांचं येईल आणि आमची `RCM` मालिका थांबेल. गेल्या खेपेला ते म्हणाले, "तुम्हीच फाडा बिल, मला चहा पाजा."