राजीनाम्यानंतरची पगारवाढ

पुण्याच्या आयटी कंपन्यांमध्ये 90 दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. राजीनाम्याचा मेल गेला की मॅनेजर आधी प्रोजेक्टचा विचार करतो: या कामाला नवा माणूस कधी मिळणार, तो कधी तयार होणार? मग एचआरचा फोन येतो, ‘तिकडे किती देतायत? आम्हीही तेवढे देतो.’ या ‘तेवढे’ची फोड केल्याशिवाय उत्तर देऊ नये.

समजा, हिंजवडीतल्या एका इंजिनिअर तरुणीचं पॅकेज 12 लाखांचं आहे. तिने स्वीकारलेली नवी नोकरी 17 लाखांची: साडेपंधरा लाख फिक्स्ड, दीड लाख व्हेरिएबल. जुनी कंपनीही 17 लाख म्हणते, पण त्यात फिक्स्ड साडेतेरा, व्हेरिएबल दीड आणि रिटेन्शन बोनस दोन लाख. हा बोनस एकदाच, तोही वर्षभर टिकल्यावर मिळणार. म्हणजे फिक्स्ड पगारात महिन्याला सुमारे 16,700 रुपयांचा फरक आहे आणि दुसऱ्या वर्षी जुन्या कंपनीतला आकडा 15 लाखांवर येतो. शिवाय पुढच्या एप्रिलची वाढ वेगळी मिळणार की हीच ती, हेही विचारायला हवं.

थांबण्याच्या बाजूनेही हिशेब असू शकतो. तिची सव्वाचार वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांना नऊच महिने उरले आहेत. बेसिक 50 हजार धरलं, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 1 लाख 44 हजार होते. आता गेली, तर त्यावर पाणी सोडावं लागेल.

पण ती पगारासाठीच निघाली होती का? रात्रीच्या सपोर्ट शिफ्टला कंटाळून निघाली असेल, तर शिफ्ट कोणत्या तारखेपासून बदलणार आणि तिच्या जागी कोण येणार, हे कळायला हवं. ‘पुढच्या तिमाहीत बघू’ या उत्तराचा अर्थ, अजून काहीच ठरलेलं नाही.

म्हणून तिने सुधारित पत्र मागावं. फिक्स्ड पगार, लागू होण्याची तारीख, बोनसच्या अटी आणि मध्येच सोडल्यास तो परत करावा लागेल का, हे सगळं त्यात असावं. दोन-तीन दिवसांत पत्र आलं नाही, तर ऑफर फोनपुरतीच आहे असं समजावं.

थांबायचं ठरलं, तर राजीनामा मागे घेतल्याचा मेल पाठवून कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी. तो आधीच स्वीकारला गेला असेल, तर नुसतं तोंडी ‘राहते’ म्हणून भागत नाही. ती मंजुरी हातात आल्यावर नव्या कंपनीला त्याच दिवशी कळवावं, कारण तिथे ती जागा तिच्यासाठी अडवून ठेवलेली असते. जायचं ठरलं, तर मॅनेजरला दोन ओळींचा मेल पुरतो: आभार, निर्णय पक्का आहे आणि कामाचा शेवटचा दिवस अमुक.